जुनी लिंक चालू ठेवायची तर

शेतीविषयक एका छोट्या मासिकाची वेबसाइट आहे असं धरू. जून २०१६मध्ये त्यांनी खरिपाच्या खर्चाचा ताळेबंद मांडणारा एक लेख तिथे टाकला. लेखाचं नाव ‘हिशेब’. त्या वेळी पत्त्यात आधी वर्ष, मग महिना आणि शेवटी देवनागरीत लेखाचं नाव अशी मांडणी होती:

```
https://example.org/2016/06/हिशेब/
```

लेख उपयोगाचा होता, त्यामुळे तो फिरला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये गेला, एका शिक्षकांनी आपल्या छापील टिपणांत त्याचा पत्ता दिला, कुणी विकिपीडियावर संदर्भ म्हणून जोडला, कित्येकांनी बुकमार्क करून ठेवला. पुढे २०२४ साली मासिकानं वेबसाइट नव्यानं बांधली आणि तोच लेख इथे आला:

```
https://example.org/lekh/hisheb/
```

मजकुरातला एक शब्दही बदललेला नाही. तरी टिपणांमधला पत्ता टाकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘404 Not Found’ दिसतं आणि लेख काढून टाकला असेल असं समजून तो निघून जातो. मासिकाला स्वतःच्या पानांवरच्या लिंका बदलता येतील. छापलेला कागद आणि आठ वर्षांत पुढे गेलेले मेसेज कसे बदलणार? ते पत्ते आता मासिकाच्या हातात नाहीत. मात्र त्या पत्त्यावर कुणी आलं तर काय उत्तर द्यायचं, हे अजूनही मासिकाच्याच सर्व्हरच्या हातात आहे. कायमचं रीडायरेक्ट म्हणजे ते उत्तर.

ब्राउझर जेव्हा एखादा पत्ता मागतो, तेव्हा सर्व्हर पान पाठवण्याआधी तीन आकडी क्रमांक पाठवतो. सगळं ठीक असेल तर २००, पान सापडलं नाही तर ४०४. पान कायमचं दुसरीकडे गेलं असेल तर ३०१, आणि सोबत नवा पत्ता. हा क्रमांक नवा नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीतही तो होता. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्ये लिहिलेल्या एका टिपणात चांगले पत्ते बदलतच नाहीत, असा आग्रह धरला होता. तो मला पटतो. पण वेबसाइटी नव्यानं बांधल्या जातात, संस्थांची नावं बदलतात, आणि मग ३०१ला पर्याय उरत नाही.

वेबसाइट अपाची या सर्व्हरवर चालत असेल, तर आपल्या लेखासाठी एवढी एक ओळ पुरते:

```
Redirect 301 "/2016/06/हिशेब/" "https://example.org/lekh/hisheb/"
```

ओळ सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा वेबसाइटच्या फोल्डरमधल्या `.htaccess` या फाइलमध्ये लिहितात. आधी जुना पत्ता, मग नवा. ती चालते की नाही हे ब्राउझरमध्ये पाहू नये, कारण ब्राउझर मधल्या सगळ्या पायऱ्या गुपचूप ओलांडून शेवटचं पान दाखवतो. कमांड लाइनवर सर्व्हरचं कच्चं उत्तर दिसतं:

```
curl -I "https://example.org/2016/06/%E0%A4%B9%E0%A4%BF%E0%A4%B6%E0%A5%87%E0%A4%AC/"

HTTP/1.1 301 Moved Permanently
Location: https://example.org/lekh/hisheb/
```

उत्तरात इतरही ओळी येतात, पण पाहायच्या या दोनच. पहिलीत ३०१ हवं आणि `Location` पुढे थेट शेवटचा पत्ता हवा.

कमांडमध्ये ‘हिशेब’च्या जागी टक्क्यांच्या खुणांची जी रांग दिसते, ती मराठी वेबसाइट चालवणाऱ्यानं नीट समजून घ्यावी अशी आहे. पत्त्यातली देवनागरी जशीच्या तशी प्रवास करत नाही. प्रत्येक अक्षरखुणेचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अक्षरं असा लिहिला जातो. ‘हिशेब’मध्ये ह, वेलांटी, श, मात्रा आणि ब अशा पाच खुणा आहेत, म्हणून त्याची ४५ अक्षरं झाली. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या नावाच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे साधारण २२ देवनागरी खुणा झाल्या की पत्ता संपला, आणि लांब मराठी मथळे मधेच तुटतात. याचा अर्थ देवनागरी पत्ते वाईट असा मुळीच नाही. मराठी विकिपीडिया त्याच पत्त्यांवर उत्तम चालतो. फक्त रीडायरेक्ट लिहिताना जास्त काळजी घ्यावी लागते.

कारण अपाची टक्क्यांची रांग उलगडून पुन्हा देवनागरी करतो आणि मग आपल्या ओळीशी ताडून बघतो, तेही बाइटशी बाइट. इथे मराठीत एक जागा हमखास फसवते. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण बाइट वेगळे. समजा जुना लेख २०१६मध्ये एका कीबोर्डवर टंकला गेला आणि रीडायरेक्टची ओळ आज दुसऱ्या कीबोर्डवर. स्क्रीनवर दोन्ही पत्ते तंतोतंत जुळतात, वाचकाला मात्र ४०४च मिळतं, आणि माणूस तासन्‌तास ओळीतली चूक शोधत बसतो. म्हणून जुना पत्ता हातानं पुन्हा टंकू नये. तो सर्व्हरच्या नोंदवहीतून, म्हणजे लॉगमधून, किंवा जुन्या साइटमॅपमधून उचलावा आणि टक्क्यांची रांग एखाद्या साधनानं उलगडून तीच ओळीत चिकटवावी.

`Redirect`ची आणखी एक सवय माहीत असावी. ती पत्त्याची फक्त सुरुवात पाहते आणि उरलेला भाग नव्या पत्त्याला जोडते. अख्खा विभाग हलवायचा असेल तर हे सोयीचं आहे, शंभर लेखांसाठी एकच ओळ पुरते. पण `/lekh` हा विभाग `/lekh/marathi` इथे हलवायला गेलात तर नवा पत्ताही `/lekh`नंच सुरू होतो. सर्व्हर त्यालाही पुढे पाठवतो, `/lekh/marathi/marathi` असा पत्ता वाढत जातो आणि शेवटी ब्राउझर हात टेकतो. क्रोममध्ये तेव्हा `ERR_TOO_MANY_REDIRECTS` दिसतं. हे दिसलं की आधी जुना पत्ता नव्या पत्त्याच्या पोटात तर नाही ना, ते पाहावं.

३०१ आणि ३०२ यांत गल्लत होते तीही इथेच. ३०२ म्हणजे तात्पुरतं: पान सध्या तिकडे आहे, पुढच्या वेळी पुन्हा मला विचारा. ३०१ ऐकल्यावर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारता थेट नव्या पत्त्यावर जाऊ शकतो. गूगललाही ३०१वरून कळतं की यापुढे नोंद नव्या पत्त्याची ठेवायची. पण हेच लक्षात ठेवणं चुकीच्या ३०१च्या बाबतीत महागात पडतं. ओळीत पत्ता चुकला, दहा मिनिटांनी तुम्ही तो दुरुस्त केला, तरी तेवढ्यात येऊन गेलेल्या वाचकाच्या फोनमध्ये चुकीचा पत्ता बसलेला असतो आणि तो तुम्हाला तिथून काढता येत नाही. म्हणून ओळीत आधी ३०२ लिहावं, सगळे पत्ते `curl`नं तपासावेत, आणि खात्री पटली की आकडा बदलून ३०१ करावा.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांचं थोडं काम आपोआप होतं. प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या पत्त्यातलं फक्त नाव बदललं, तर वर्डप्रेस जुनं नाव जपून ठेवतं आणि स्वतःच ३०१ देतं. यावर विसंबून पुष्कळ जण पत्त्याची पूर्ण मांडणी किंवा डोमेनच बदलतात. तिथे ही सोय पुरी पडेल असं धरून चालू नये. ओळी स्वतः लिहाव्या लागतात.

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात खटकणारी पद्धत म्हणजे सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजवर सोडणं. ओळ एकच लागते, ४०४ दिसत नाही, म्हणून काम झालं असं वाटतं. पण खरिपाचा हिशेब शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर येऊन पडतो आणि तो लेख कुठे गेला ते त्याला कुणी सांगत नाही. असं रीडायरेक्ट गूगलही बहुतेकदा ‘पान सापडलं नाही’ याच खात्यात टाकतं. जुन्या प्रत्येक पानासमोर त्याचंच नवं पान लिहावं. पान खरोखरच काढून टाकलं असेल, तर ४०४ किंवा ‘कायमचं गेलं’ असं सांगणारा ४१० हेच प्रामाणिक उत्तर आहे.

दुसऱ्यांदा वेबसाइट बदलताना साखळी तयार होते. २०१६चा पत्ता २०२० कडे पाठवतो, २०२०चा २०२४ कडे. प्रत्येक टप्प्याला सर्व्हरकडे एक जास्तीची फेरी पडते आणि गावाकडच्या कमजोर नेटवर्कवर ती जाणवते. मधला एक दुवा जरी निखळला, तरी त्यामागचे सगळे पत्ते बंद पडतात. त्यामुळे नवी ओळ लिहिताना जुन्या ओळीही उघडाव्यात आणि सगळ्यांचं टोक थेट आजच्या पत्त्यावर आणावं.

आता या ओळी ठेवायच्या किती काळ? गूगलचा सल्ला निदान एक वर्षाचा आहे, पण तो शोधयंत्रापुरता. वाचकाचा बुकमार्क ३०१ मिळाल्यावर आपोआप बदलत नाही. तो दहा वर्षांनीही जुनाच पत्ता मागणार. छापील टिपणांचंही तेच. ओळ ठेवायला काही खर्च येत नाही, तेव्हा वेबसाइट आहे तोवर ती ठेवावी. डोमेनच बदललं असेल तर मात्र खर्च आहे. जुन्या डोमेनचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, नाहीतर ते दुसरं कुणी घेतं आणि आपल्या जुन्या लिंका त्याच्या दारात जातात. शिवाय जुन्या डोमेनचं सुरक्षा प्रमाणपत्रही चालू लागतं. त्याची मुदत संपली की `https`नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर ब्राउझर आधी धोक्याची सूचना दाखवतो आणि ३०१ची पाळीच येत नाही. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची मोफत प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात. नवी वेबसाइट रोज पाहिली जाते, पण जुन्या डोमेनकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यामुळे तिथलं आपोआप होणारं नूतनीकरण बंद पडलं तरी ते महिनोन्‌महिने कळत नाही.

बदल केल्यानंतरचे काही आठवडे लॉगमधल्या ४०४च्या ओळी काढून पाहाव्यात:

```
grep ' 404 ' access.log
```

त्यात `/wp-login.php` मागणाऱ्या यंत्रांची गर्दी असते, ती सोडून द्यावी. २०१६, २०१७ असे जुने पत्ते दिसले तर ते यादीतून सुटलेले असतात. लॉगची मांडणी नेहमीची असेल तर त्याच ओळीत वाचक कुठल्या पानावरून आला तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ती लिंक विकिपीडियासारख्या दुरुस्त करता येणाऱ्या जागेवरची असेल, तर रीडायरेक्टची ओळ लिहून झाल्यावर तिथेही नवा पत्ता घालता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा छापील कागदावरून आलेल्यांच्या ओळीत त्या जागी बहुधा नुसती एक आडवी रेघ असते. त्यांच्यासाठी सर्व्हरवरची ओळ हाच एक मार्ग आहे.