कातरण न उरणारा कुडता

आज हाताशी कात्री नको, एक कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसा. कागद नऊ सेंटीमीटर रुंद आणि अठरा सेंटीमीटर लांब कापून घ्या. हा आपला कपडा. खरा कपडा 36 इंच पन्ह्याचा आणि 72 इंच, म्हणजे दोन वार लांब आहे. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे कपड्यावरचे चार इंच असं धरायचं. या दोन वारांतून गुडघ्यापर्यंतचा, कोपराखाली बाही येणारा एक कुडता काढायचा आणि शेवटी टेबलाखाली झाडायला काही उरू द्यायचं नाही, असं आज बघू.

हे नवं नाही. आपल्याकडच्या जुन्या पैरणी आणि कळीचे कुडते असेच कापले जात. खणाची चोळीही अरुंद पन्ह्याच्या हिशेबानेच निघायची आणि खणाचा काठ नेमका दंडावर यायचा. कापड हातमागावर विणलेलं, महाग आणि अरुंद. त्यामुळे अंगाचा आकार आधी आणि कपडा मागून असा विचारच नव्हता. माग जेवढा रुंद, तेवढ्यात कपडा बसवायचा. कॅनडाच्या टोरोंटो शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात काम करणाऱ्या डोरोथी बर्नहॅम या बाईंनी 1973 साली याच गोष्टीवर एक लहानसं पुस्तक काढलं. देशोदेशींचे जुने सदरे आणि झगे कसे बेतले होते ते त्यांनी आकृत्या काढून दाखवलं. मागाच्या रुंदीवर कपड्याचा बेत ठरतो, हे त्यांचं म्हणणं. आपल्या आज्यांना ते वेगळं सांगावं लागलं नसतं.

गोल मुंढा आणि फुगीर डोक्याची बाही आली की कातरण सुरू होते. गोलाला गोल लागून बसत नाही, मधे तिकोनी तुकडे राहतातच. म्हणून या कुडत्यात गोल काही नाही. सरळ रेघा आहेत आणि कळ्यांसाठी दोन तिरप्या रेघा आहेत.

आता कागदावर या. वरून 39.5 इंचांवर, म्हणजे कागदावर दहा सेंटीमीटरला थोडं कमी, आडवी रेघ मारा. हा वरचा भाग उभा मधोमध कापला की 18 इंच रुंदीचे दोन तुकडे झाले. एक पुढचा, एक मागचा. त्याखाली 31 इंचांवर दुसरी आडवी रेघ. या मधल्या भागाचेही उभे दोन भाग करा. डाव्या भागाला आडवं मधोमध कापलं की 18 रुंद आणि 15.5 लांब अशा दोन बाह्या झाल्या. उजव्या भागातून चार कळ्या निघतील. शेवटी तळाला दीड इंचाची पट्टी उरली, 36 इंच लांब. ती गळ्याला. तिचे चार सारखे भाग करायचे, नऊ-नऊ इंचांचे. आता बेरीज करा: 39.5, 31 आणि 1.5, झाले 72.

कळ्यांकडे जरा थांबू, कारण सगळी गंमत आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. उजवा भाग 18 इंच रुंद आहे. त्याची उभी घडी घाला, म्हणजे नऊ इंच रुंद दुहेरी कपडा झाला. वरच्या कडेवर घडीपासून तीन इंचांवर खूण करा. खालच्या कडेवर समोरच्या बाजूने, म्हणजे मोकळ्या कडांपासून तीन इंचांवर खूण करा. दोन्ही खुणा खडूने जोडा आणि दोन्ही थर एकदमच कापा. मग घडीही कापून सोडवा. चार कळ्या हातात येतात. प्रत्येकीचं एक टोक तीन इंच, दुसरं सहा इंच. यातल्या दोन उलट्या फिरवून घ्यायच्या, म्हणजे सगळ्यांचं अरुंद टोक वर येईल. घडी न घालता दोन्ही तुकडे वेगवेगळे आणि एकाच दिशेने तिरपे कापले, तर चारही कळ्या एकाच हाताच्या निघतात. पुढची लागते, मागची लावायला गेलं की कपड्याची उलटी बाजू बाहेर येते. साध्या एकरंगी कापडाला उलट-सुलट नसतं, तिथे चालून जातं. छापील कापडाला चालत नाही. आणि छापाची फुलं एकाच दिशेला उभी असतील तर असं कापड या बेतासाठी घेऊच नका, कारण दोन कळ्यांवर ती डोक्यावर उभी राहणार. ठिपके, चौकडी किंवा विखुरलेला बारीक छाप घ्यावा.

आता बगलेचे तुकडे कुठून आणायचे? पट्टी आणि कळ्या धरून कपडा तर संपला. ते गळ्यातून निघतात. पुढच्या तुकड्याची उभी घडी घाला. वरच्या कडेवर घडीपासून तीन इंच आणि खाली सहा इंच असा चौकोनी गळा कापा. हातात सहा बाय सहाचा चौकोन येतो. एरवी हा चौकोन कचऱ्यात जातो. त्याचे तीन बाय तीनचे चार तुकडे करा. दोन-दोन एकावर एक ठेवून कडेने टीप मारा, म्हणजे दोन बगला दुहेरी झाल्या. आवणीच्या दिवसांत वाकून हात पुढे टाकताना कुडता पहिला कुठे फाटतो, ते आपल्याला माहीत आहे. तिथे दुहेरी कापड असलेलं बरंच. मागच्या गळ्याला फक्त एक इंच खाली कापायचं. त्यातून सहा इंचांची, इंचभर रुंद पट्टी निघते. ती दुमडून मागच्या गळ्याला आतून खुंटीला टांगायची लूप होते.

गळा चौकोनी का, हा प्रश्न येतो. गोल गळ्याला उरेब पट्टी लागते आणि उरेब पट्टी कापली की उरलेले तिकोन आलेच. चौकोनी गळ्याला सरळ पट्टी पुरते. एक पुढच्या तळाला, एक मागच्या तळाला आणि दोन बाजूंना. नऊ इंचांतून इंचभर जास्त राहतं, ते कोपऱ्यांवर आत दुमडायचं. अर्धा इंच शिलाईत, अर्धा इंच दुमडीत, अर्धा इंच आतून दिसतो. गळ्याचे आतले चार कोपरे पट्टी लावल्यावर शिलाईच्या टोकापर्यंत कात्रीने तिरपे छेदा, नाहीतर उलटवल्यावर कोपरा ओढला जातो.

शिवताना माया सगळीकडे अर्धा इंच आणि खालची व बाहीची दुमड एक इंच. आधी खांदे जोडा, मग गळ्याची पट्टी. बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईवर ठेवून बाही सरळ लावा, पण बाहीच्या दोन्ही टोकांना शेवटचा अर्धा इंच मोकळा सोडा. जिथे बाही संपते तिथून खाली कळी लावायची. कळीची तिरपी कड अंगाच्या सरळ कडेला जोडा आणि कळीच्या सरळ कडा एकमेकींना बाजूच्या शिलाईत येऊ द्या. तिरपी कड ताणली जाते. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या की महिनाभरात दोन्ही बाजूंना कुडता खाली लोंबतो. सरळ कड तिला धरून ठेवते.

बगल सर्वांत शेवटी आणि सावकाश. कळीचं वरचं टोक तीन इंच आणि बगलेची बाजूही तीन इंच, म्हणून ती नेमकी बसते. बगलेच्या दोन बाजू पुढच्या आणि मागच्या कळीच्या डोक्याला आणि उरलेल्या दोन बाजू बाहीच्या खालच्या कडांना. प्रत्येक बाजूची शिलाई टोकाच्या अर्धा इंच आधी थांबवा. सुई कापडात रोवलेली ठेवून पाय उचला, कापड वळवा, मग पुढे. शिलाई टोकापर्यंत नेली तर कोपऱ्यावर चुणी पडते आणि फार आधी थांबवली तर भोक राहतं. हात वर करून पाहिलं की दोन्ही लगेच कळतं. त्यानंतर बाहीच्या टोकापासून बगलेपर्यंत आणि बगलेपासून खालपर्यंत बाजू बंद करा. चीर हवी असेल तर खालून सात-आठ इंच उघडं सोडा.

आता मापाचं. अंगाचे दोन तुकडे शिवल्यावर 17-17 इंच राहतात, म्हणजे 34. चार कळ्यांची वरची टोकं शिवल्यावर दोन-दोन इंच, म्हणजे आठ. झाले 42. घालता-काढताना आणि हात हलवताना सहा इंच सैल हवेत, म्हणून हा कुडता 36 छातीचा. पन्हाही 36 होता. हे योगायोगाने जुळलेलं नाही. कळीचं डोकं तीन इंच ठेवलं तर या बेतात पन्हा जेवढा, तेवढीच छाती येते. 40 पन्हा घेतला की 40 छातीचा कुडता आपोआप निघतो. अंग, बाही आणि कळी सगळं पन्ह्याच्या अर्ध्यातून निघतं, म्हणून टेपने मोजण्यापेक्षा घडी घालून कापणं जास्त खरं असतं. तीन इंचांच्या कळीच्या खुणा, गळा, बगल आणि खालची पट्टी तेवढी टेपने घ्यायची.

मात्र पन्हा धुतलेला मोजायचा. हरसूलच्या आठवडे बाजारात कुठल्याही कोऱ्या सुती कापडावर 36 लिहिलेलं असलं तरी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्यावर ते 35 किंवा त्याहूनही थोडं कमी भरतं. मग तो 35 छातीचा कुडता आहे असं समजा आणि बाहीची रुंदी कमी झाली तर खालची कड एका रेषेत घेताना पाव इंच इकडेतिकडे करा. न भिजवता शिवलेला कुडता पहिल्या धुण्यात बगलेतच आवळतो. कारण या बेतात सैल सोडायला जास्तीचं कापड कुठेच नाही.

लांबीचंही असंच आहे. दुकानदार वार नव्हे, मीटर देतो. दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. भिजून आणि दोन्ही टोकं धागा ओढून सरळ केल्यावर ते साधारण 76 भरतं. चार इंच जास्त आले. त्यांचा वेगळा तुकडा काढू नका, निम्मे अंगाला आणि निम्मे कळ्यांना द्या. अंग 41.5, कळी 33, बाही आपोआप 16.5 आणि पट्टी होती तेवढीच. आमच्यासारख्या गटाला याचा हिशेब असा पडतो. गोल मुंढ्याच्या बेताला अडीच मीटर लागतं तिथे दोन मीटरमध्ये भागतं, म्हणजे वीस मीटरच्या ताग्यातून आठऐवजी दहा कुडते निघतात. ऑर्डर आठांची असली तर वरचे दोन गटाचे.

हा बेत सगळ्यांना चालत नाही हेही खरं. 44 पन्ह्याच्या कापडातून 34 छातीच्या मुलीचा कुडता काढायला गेलं तर तो पोत्यासारखा होतो आणि खांदा दंडावर उतरतो. तिच्यासाठी आधी दहा इंचांची उभी पट्टी बाजूला काढून तिची पिशवी शिवावी आणि उरलेल्या 34 वर बेत मांडावा. अंगाला घट्ट बसणारा कुडता ज्यांना हवा, त्यांनी हा शिवू नये. 42 च्या पुढे छाती असेल तर पन्हा मिळतो, पण खांदा बराच खाली येतो. तिथे बाहीची लांबी दोन इंच कमी कापावी आणि वाचलेल्या दोन-दोन इंचांच्या दोन पट्ट्या बाजूच्या चिरेच्या कडांना आतून लावाव्यात. चीर फाटते ती वरच्या टोकाशी, तिथे त्या उपयोगी पडतात.