दहा दिवसांच्या घरात तीस माणसांचं जेवण : पिठलं-भाकरी आणि खिचडीचं पूर्ण गणित

लग्नाच्या, वास्तुशांतीच्या ऑर्डरवर आपण बरेचदा बोललो. आज वेगळी ऑर्डर घेऊ. सुतकातल्या घराचं जेवण.

आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे निघालं की राजुरी लागते. जुन्नर-आंबेगावच्या बाकी गावांसारखंच इथंही घरटी एखादा तरी माणूस मुंबई-ठाण्याला. घरात कोणी गेलं की माळशेज घाट चढून गाड्या येतात, लेकी-जावई, पुतणे, आत्या येतात आणि दशक्रियेपर्यंत त्यातले निम्मे तरी मुक्कामाला राहतात. पहिल्या दिवशीची चिंता नसते. त्या घरात चूल पेटत नाही, कडू घास भाऊकीतून किंवा शेजारून येतो. सावडणं झालं की मात्र रोज दोन वेळा पंचवीस-तीस पानं, आणि भाऊकीत राबायला बायका पूर्वीएवढ्या नाहीत. मग भाऊकी मिळून एखाद्या बचत गटाला किंवा घरगुती मेसवालीला सांगते, आमच्या वारीचं जेवण तुम्ही करा.

ऑर्डर आली की आधी विचारायचं, पण त्या घरातल्या बाईला नाही. भाऊकीतला जो माणूस सगळं बघतोय त्याला बाजूला घेऊन विचारा. फोडणी चालते का? हळद चालते का? कांदा-लसूण? रोज आधी पान काढून ठेवायचं असतं का? एकाच गावात दोन घरांची रीत वेगळी असते. कोणाकडे दहा दिवस तळण आणि गोड एवढंच बंद, कोणाकडे फोडणीचा वाससुद्धा नको. तुम्ही चांगल्या मनाने खमंग फोडणी दिलीत आणि त्या घरात ती चालत नसेल, तर अख्खं पातेलं तसंच राहील, आणि दुःखाच्या घरात कोणी तुम्हाला तोंडावर सांगणारही नाही.

आता एक दिवस धरू. चौथा दिवस, तीस माणसं, फोडणी नको. दुपारी पिठलं-भाकरी, रात्री मुगाची खिचडी.

पिठल्याला बेसन सव्वा किलो आणि पाणी सहा लिटर. त्यातलं साडेचार लिटर पाणी मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून उकळायला ठेवा. उरलेल्या दीड लिटर गार पाण्यात बेसन कालवून चाळणीतून गाळून घ्या. उकळी आली की बारीक धारेने सोडा आणि हात थांबवू नका. फोडणी नसल्यामुळे कच्चेपणा लपत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजू द्या, मधूनमधून तळापासून हलवा. चाखल्यावर जिभेला चिकटलं आणि हरभऱ्याचा हिरवट वास आला तर ते अजून कच्चं आहे. चुलीवरून उतरवताना पातळ वाटलं पाहिजे, कारण अर्ध्या तासात ते बसतं. घरी बरोबर वाटलेलं पिठलं तिथं पोचेपर्यंत वडीसारखं कापावं लागतं.

पिठलं सोपं, वेळ खाते ती भाकरी. माणशी पावणेदोन धरली तर पन्नास-बावन्न भाकरी, म्हणजे साधारण पाच किलो पीठ. सरावाची बाई एका तव्यावर तासाला वीस ते पंचवीस करते. एका तव्यावर दोन तास गेले की पहिल्या भाकरी गार आणि चिवट झालेल्या असतात. म्हणून दोन तवे, दोन बाया, तास-सव्वा तास. गरम भाकरी स्टीलच्या डब्यात कोंबू नका, वाफ धरून खालच्या ओल्या होतात. दुरडीत सुती फडकं घालून एकावर एक ठेवा, वरून फडक्यानेच झाका. आणि हिशोब करताना हे लक्षात ठेवा. इथं सामानापेक्षा हाताची मजुरी मोठी आहे. भाकरीचा दर नगावर लावा, ताटाच्या ठोक दरात तिला बुडवू नका. जेवण दुःखाच्या घरी जातंय म्हणून स्वतःचा नफा कमी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी कापून पुण्य करू नका.

रात्रीच्या खिचडीला तांदूळ सव्वादोन किलो, मूगडाळ एक किलो. माणशी शंभर ग्रॅमला थोडं वर. दोन्ही धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. जाड बुडाचं पंचवीस लिटरचं पातेलं घ्या, चौदा लिटर पाण्याला उकळी आणा आणि मग डाळ-तांदूळ सोडा. मीठ आधी नव्वद ग्रॅम, बाकीचं चाखून. हळद चालत असेल तर घाला. खिचडी आळायला लागली की आच कमी करा आणि पातेल्याखाली तवा सरकवा. एवढ्या मोठ्या पातेल्यात धोका बुडाला लागण्याचा. पळी तळाला खरखरीत लागली किंवा करपट वास आला तर खरवडू नका, खरवडलं की वास सगळीकडे पसरतो. वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, बुडाचं तसंच सोडा. निघताना खिचडी पळीवरून ओघळली पाहिजे. दोन लिटर उकळतं पाणी मीठ घालून थर्मासमध्ये सोबत न्या. वाढण्याआधी लागेल तेवढं मिसळा.

आकडा कसा धरायचा? सकाळी विचारलेल्या आकड्यावर विसंबू नका, दिवसभर माणसं येत-जात असतात. चार वाजता फोन करून एकच विचारा, आज रात्री मुक्कामाला किती. जेवून जाणारे चार-पाच त्यात वाढवा. शिवाय एक किलो तांदूळ वेगळा बांधून त्याच घरी ठेवा. ऐनवेळी गाडी आली तर पाऊण तासाच्या आत भात होतो, तो खिचडीत मिसळला की सात-आठ पानं निघतात.

उरलेल्या खिचडीचं मात्र कडक राहा. शिजवलेला भात-डाळ कोमट राहिली की बिघडते, आणि वास यायच्या आधीच पोट बिघडवू शकते. रात्री उरलं तर झाकून सकाळसाठी ठेवू नका. तीस पाहुणे आणि एक-दोन संडास असलेल्या घरात जुलाब सुरू झाले तर काय होईल, वेगळं सांगायला नको.

वेळेचंही तसंच आहे. भेटायला येणाऱ्यांची रांग संपत नाही म्हणून दुपारचं जेवण तीनपर्यंत लांबतं. त्यात शुगरची गोळी घेतलेली म्हातारी माणसं असतात. आधी मागायचं कसं म्हणून ती गप्प बसतात आणि घेरी येते. म्हणून पाच-सहा माणसांचा, तिखट न घातलेला डबा साडेबारालाच वेगळा पोचवा आणि घरातल्या एका सुनेच्या हातात द्या. लहान पोरंही त्यातच जेवून घेतात.

रात्रीचे डबे दिवस मावळायच्या आत पोचवा. आपल्या भागात बिबट्याचं माहीत आहेच, उसातल्या वाटेने अंधारात पातेलं घेऊन चालत जायचं नाही. वाढायला उशीर होणार असेल तर खिचडी त्यांच्याच गॅसवर मंद ठेवायला सांगा. सुतकात त्यांचा गॅस चालतो का, हेही त्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नांमध्ये विचारून घ्या. चालत नसेल तर शेजारचं घर ठरवून ठेवा, जास्तीचा भातही मग तिथंच शिजेल.