तांब्याचे सोने, माणसाचे काय?

वाशीमच्या कुठल्याही सराफाकडे जुना दागिना मोडायला नेला, की सराफ त्याच्या झळाळीकडे फारसे बघत नाही. दागिना कसोटीवर घासून तो कस पाहतो. गरज पडली तर दागिना मुशीत वितळवतो. मुलामा असेल तर तो तिथे उघडा पडतो.

‘किमया’ हा रोजच्या मराठीतला शब्द अरबी-फारसीतून आला. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या म्हणजे कीमिया. या विद्येपायी अनेकांनी आयुष्य आणि पैसा भट्टीत घातला. पण तांब्याचे सोने झाले नाही. तोच शब्द इमाम गझाली यांनी आपल्या फारसी ग्रंथाच्या नावासाठी घेतला: ‘कीमिया-ए-सआदत’, म्हणजे सुखाची, कल्याणाची किमया. त्यांच्या लेखी तांबे म्हणजे माणसाचा कच्चा स्वभाव आणि सोने म्हणजे त्याचे शुद्ध झालेले मन.

हे त्यांनी स्वतः सोसून लिहिले. इराणातल्या तूस येथे 1058 साली जन्मलेले गझाली 1091 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले. मोठे नाव, शेकडो विद्यार्थी. पण 1095 मध्ये शिकवायला बसल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, अन्न घशाखाली उतरेना. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता आणि उत्तर नावाच्या बाजूचे निघाले होते. त्यांनी पद सोडले, बगदाद सोडले. युरोपातले किमयागार आपल्या कामाचे काळा, पांढरा, पिवळा आणि तांबडा असे टप्पे सांगत. आधी धातू काळवंडून मोडला पाहिजे, मगच तो उजळतो, असे ते मानत. गझालींच्या आयुष्यातला काळा टप्पा हाच म्हणावा लागेल.

त्यांनी सांगितलेले टप्पे मात्र भट्टीतले नाहीत, दुकानातले आहेत. माणसाचा नफ्स, म्हणजे हवे-नको म्हणणारा जीव, हा धंद्यातला भागीदार. भांडवल म्हणजे आयुष्याचे दिवस. भागीदार हुशार आहे, पण भरवशाचा नाही. म्हणून सकाळी त्याच्याशी अटी ठरवायच्या: ही मुशारता. दिवसभर नजर ठेवायची: मुराकबा. रात्री हिशोब घ्यायचा: मुहासबा. तूट निघाली तर दंड: मुआकबा. पुढे जादा मेहनत आणि जिवाची कानउघाडणी येते.

सोयाबीनचा एक व्यापारी समजा. फजरच्या नमाजनंतर तो ठरवतो, आज मापात खोट नाही आणि कुणाच्या पाठीमागे बोलणे नाही. दुपारी ऊन तापते, घसा कोरडा पडतो. पोत्याच्या तळाशी ओलसर माल आहे, गिऱ्हाईक वरचाच हात घालून पाहतो आहे. नजर ठेवायची ती या क्षणी. रोजा शाबूत आहे, पाण्याचा थेंब पोटात गेलेला नाही. पण तो गप्प राहिला तर सकाळची अट मोडली. रात्री तरावीहनंतर तो हिशोबाला बसतो, तेव्हा नफ्स म्हणतो, ‘धंद्यात एवढे चालतेच.’ हिशोब इथेच फसतो, कारण चोरी करणारा आणि वही लिहिणारा एकच असतो. म्हणून पुढचा टप्पा दंडाचा. जिथे खोट झाली तिथेच तो बसावा, असा गझालींचा आग्रह आहे. संशयाचा घास खाल्ला तर उपास पोटाला. या व्यापाऱ्याला दंड पैशाचाच बसेल: गिऱ्हाईक शोधून फरक परत करायचा.

याचे उदाहरण म्हणून गझाली पैगंबरांचे साथीदार अबू तलहा यांची हकिकत देतात. बागेत नमाज पढताना दाट फांद्यांत अडकलेल्या पाखरामागे त्यांची नजर गेली आणि किती रकात झाल्या हेच विसरले. लक्ष बागेने चोरले, म्हणून त्यांनी ती बागच दान केली.

या वाटेवर मुलाम्याचा धोका मोठा आहे. उपास, जागरण, जपमाळ यांनी माणूस बाहेरून झळकतो आणि स्वतःच स्वतःला सोने समजू लागतो. गझालींना ही फसवणूक उघड पापाहून अवघड वाटते, कारण पापी माणसाला निदान आपले तांबे दिसते. ओळखायचे कसे? आपल्या ग्रंथाच्या चार स्तंभांपैकी एक पूर्ण स्तंभ त्यांनी देवघेव, कमाई, शेजार आणि सोबत यांना दिला आहे. कसोटीचा दगड तिथे आहे.

रमजानचे तीस किंवा एकोणतीस दिवस म्हणजे तितक्याच सकाळच्या अटी आणि तितकेच रात्रीचे हिशोब. चांदरातीला सराफा उजळलेला असतो. ओलसर माल मात्र ईदनंतरही बाजारात येतो आणि त्या पोत्यात कुणाचा तरी हात जातोच.