एस्प्रेसो मशीन वॉरंटीत बिघडले, तर कंपनीला काय लिहाल?

‘मशीन नीट चालत नाही, बदलून द्या’ एवढेच लिहिले, की उत्तर बहुधा ठरलेले असते: पाण्याचा क्षार साचला असेल, किंवा कॉफीची पूड चुकीची असेल. म्हणून पत्रात या दोन्ही पळवाटा आधीच बंद कराव्यात.

समजा, आठ महिन्यांचे मशीन आहे. पंपाचा आवाज येतो, पण कॉफी पाण्यासारखी पातळ उतरते. अशा वेळी कॉफी न घालता, तळाला भोके नसलेली जाळी किंवा रबरी चकती हँडलमध्ये बसवून मशीन काही सेकंद चालवा. पाण्याला वाट नसल्याने काटा ९ बारच्या आसपास किंवा वर जायला हवा. तो ३ वरच अडखळला, तर पूड निर्दोष ठरते. संशय पंपावर किंवा दाबाच्या झडपेवर जातो. याचा व्हिडिओ काढा. हँडल मात्र दाब उतरल्यावरच काढा, नाहीतर गरम पाणी अंगावर उडते.

पत्रात मॉडेल, अनुक्रमांक, बिलाची तारीख आणि क्षार काढल्याच्या तारखा द्या. मग मागणी स्पष्ट लिहा: ‘पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावी, ती शक्य नसल्यास मशीन बदलून द्यावे.’ ईमेल वॉरंटी संपण्यापूर्वीच पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा सहसा हाती उरत नाही. मशीन स्वतः उघडू नका. तेच नकाराचे कारण होऊ शकते.

दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.