साठ टक्के हातात, चाळीस टक्के पेन्शनमध्ये

राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनपीएस, केंद्र सरकारच्या नोकरीत 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्यांना लागू झाली. त्या काळी चाळिशीच्या आसपास नोकरीत आलेली माणसे आता निवृत्त होत आहेत. सेवाभर पगारातून कापले गेलेले पैसे हातात येण्याची वेळ आली की एकच प्रश्न ऐकू येतो, यातले करात किती जाणार?

साठाव्या वर्षी केंद्र सरकारी सेवेतून निवृत्त होणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्यांच्या खात्यात 50 लाख रुपये जमा आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला यातले जास्तीत जास्त 60 टक्के, म्हणजे 30 लाख, एकरकमी काढता येतात. उरलेल्या 20 लाखांची विमा कंपनीकडून अ‍ॅन्युइटी घ्यावीच लागते. अ‍ॅन्युइटी म्हणजे ठोक रक्कम एकदा देऊन तिच्या बदल्यात मिळणारी आयुष्यभराची ठरावीक पेन्शन.

एकरकमी 30 लाखांवर एक रुपयाही आयकर नाही. मात्र विवरणपत्रात ती रक्कम करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवावी. अ‍ॅन्युइटीत गेलेल्या 20 लाखांवरही त्या वर्षी कर नाही, कारण ते पैसे तुमच्या हातात आलेच नाहीत असे कायदा मानतो. त्यातून येणारी पेन्शन मात्र दरवर्षी करपात्र असते. ती विमा कंपनीकडून येते, मालकाकडून नव्हे. म्हणून ती सहसा ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात धरतात, आणि पगारदारांना मिळणारी प्रमाणित वजावट तिथे मिळत नाही.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. ‘एकरकमी करमुक्त, पेन्शन करपात्र’ एवढेच ऐकून ते अ‍ॅन्युइटीला तोट्याचा भाग समजतात. पण ते 30 लाख पुढे कुठेतरी गुंतवायचेच असतात. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांचीच कमाल मर्यादा आहे. 8.2 टक्के व्याजदर धरला तर वर्षाला 2 लाख 46 हजार मिळतात, आणि ते व्याज पूर्ण करपात्र असते. मुद्दल करमुक्त आणि त्याची कमाई करपात्र, हे दोन्ही भागांना सारखेच लागू आहे.

आता अ‍ॅन्युइटीचा दर 6.5 टक्के धरू. आपल्यानंतर जोडीदाराला पेन्शन आणि दोघांनंतर मुद्दल वारसाला परत, असा पर्याय घेतला तर दर कमी असतो. मुद्दल परत न घेण्याचा पर्याय घेतला तर पेन्शन वाढते. 20 लाखांवर 6.5 टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 30 हजार येतील. व्याज आणि पेन्शन मिळून 3 लाख 76 हजार. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत असल्याने यांचा कर शून्य. व्याजातून टीडीएस कापला जाऊ नये म्हणून मात्र पोस्टात वेळेवर स्वयंघोषणापत्र द्यावे लागते.

अ‍ॅन्युइटीतली खरी अडचण कराची नाही. साध्या पर्यायात महिन्याचे 10,833 रुपये वीस वर्षांनीही तेवढेच राहतात, महागाई वाढत जाते. शिवाय सुरुवातीची थोड्या दिवसांची मुदत संपली की पर्याय बदलता येत नाही. म्हणून फॉर्म भरताना जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख कागदपत्रांशी ताडून पाहावी, आणि एकाच रकमेवर दोन-तीन कंपन्यांचे दर तुलना करूनच सही करावी.

कर खरा बोचतो तो निवृत्तीनंतरही चांगली कमाई असणाऱ्यांना. याच व्यक्तीला सल्लागार म्हणून वर्षाला 11 लाखांचे करपात्र उत्पन्न असेल तर एकूण 14 लाख 76 हजार होतात. 12 लाखांची रेषा ओलांडल्याने सवलत जाते आणि उपकरासह सुमारे 1 लाख 5 हजार कर भरावा लागतो. एकट्या 11 लाखांवर तो शून्य होता. अशा माणसाने काम चालू आहे तोवर पैसे एनपीएसमध्येच ठेवावेत. एकरकमी रक्कम आणि अ‍ॅन्युइटी दोन्ही पुढे ढकलता येतात, आणि खात्यात वाढणाऱ्या पैशांवर दरवर्षी कर लागत नाही. बाजारातील चढउतार मात्र सोसावा लागतो.

खासगी क्षेत्रातील सदस्यांसाठी डिसेंबर 2025 मध्ये नियम बदलले. मोठी रक्कम जमा असलेल्यांना आता 80 टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येतात, किमान 20 टक्क्यांची अ‍ॅन्युइटी. पण हा बदल झाला तेव्हा आयकर कायद्यातील सूट 60 टक्क्यांपुरतीच होती. 50 लाखांत हा जादा 20 टक्क्यांचा भाग 10 लाखांचा होतो. तो एकाच वर्षाच्या उत्पन्नात मिळवला गेला तर 12 लाखांची रेषा सहज ओलांडली जाते. म्हणून 60 टक्क्यांहून जास्त मागण्याआधी त्या वर्षी कायद्यात नेमके काय लिहिले आहे, हे करसल्लागाराकडून तपासून घ्यावे.