शिकवल्याप्रमाणे उत्तर द्यायचे, की वाटते तसे?

विज्ञानाचा नियम वर्गात शिकवला जातो, त्याआधीच विद्यार्थ्याच्या मनात त्या विषयाची एक समजूत तयार असते. ढकलले की वस्तू सरकते, ढकलणे थांबले की थांबते, जड वस्तूचा दणका मोठा असतो, हे त्याने लहानपणापासून अनुभवलेले असते. जॉर्ज पोस्नर, केनेथ स्ट्राइक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेला संकल्पना-परिवर्तनाचा सिद्धांत या समजुतीपासून सुरू होतो. त्यांच्या मते जुनी समजूत जाऊन तिच्या जागी नवी यायची, तर चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. जुन्या समजुतीने भागत नाही हे विद्यार्थ्याला स्वतःला जाणवले पाहिजे. नवी कल्पना त्याला कळली पाहिजे, ती पटण्याजोगी वाटली पाहिजे आणि पुढचे प्रश्न सोडवायला ती कामी येते हेही दिसले पाहिजे. व्याख्यानाचा बहुतेक वेळ दुसऱ्या अटीवर, म्हणजे नीट समजावून सांगण्यावर जातो. पहिल्या अटीसाठी वेळच ठेवलेला नसतो.

ही अट सुटली तर काय होते, हे हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या वर्गात स्पष्ट दिसले. ते १९८४ पासून तेथे शिकवत होते. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्याला उत्तम गुण देत, परीक्षेतली अवघड गणितेही सोडवत. १९९० मध्ये त्यांनी इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचे संशोधन वाचले. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरही विद्यार्थ्यांच्या गती आणि बलाविषयीच्या मूळ समजुती फारशा बदलत नाहीत, असे त्यात दाखवले होते. आपल्या वर्गात असे नसणार, या विश्वासाने मझूर यांनी त्याच धर्तीची चाचणी घेतली.

चाचणीत आकडेमोड नव्हती. रोजच्या भाषेतले प्रश्न होते. जड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळली, तर कोण कोणावर जास्त बल लावते, अशा स्वरूपाचे. चाचणी सुरू असताना एका विद्यार्थ्याने विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची, की मला या गोष्टींबद्दल एरवी वाटते तशी? निकालही निराशाजनक लागला.

त्या प्रश्नात चूक कबूल केल्याचा सूर नाही, आणि म्हणूनच तो फार मोलाचा आहे. त्या विद्यार्थ्याजवळ दोन संच होते: एक परीक्षेसाठी, एक जगण्यासाठी. दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते, कारण त्यांची गाठ पडावी असा प्रसंग वर्गात कधी आलाच नव्हता. न्यूटनचा तिसरा नियम त्याला म्हणून दाखवता आला असता. त्यानुसार ट्रक मोटारीवर जेवढे बल लावतो, तेवढेच मोटार ट्रकवर लावते. तरीही चेंदामेंदा मोटारीचाच होतो हे डोळ्यांना दिसते, आणि मन मोठ्या बलाकडे झुकते. इथे अनुभव खोटा नसतो. ट्रक १० टनांचा आणि मोटार १ टनाची असेल, तर समान बलामुळे मोटारीच्या वेगात होणारा बदल ट्रकच्या दहापट असतो. विद्यार्थ्याला जाणवलेला फरक खरा आहे. तो त्याने परिणामाऐवजी बलाच्या खात्यात मांडला, एवढेच. त्यामुळे नुसते चूक म्हणून सांगितल्याने ही समजूत जात नाही. तिच्यातले खरे काय आणि ते कोठे बसते, हे दाखवावे लागते.

पुढे मझूर यांनी परीक्षेत एकाच विषयावर दोन प्रकारचे प्रश्न दिले. एक नेहमीचे गणित होते: विद्युतमंडलातील प्रवाह आणि विभवांतर काढा. दुसऱ्यात अ, ब आणि क असे तीन सारखे बल्ब बॅटरीला एकापुढे एक जोडले होते. कळ दाबली की क या बल्बची दोन टोके थेट तारेने जोडली जात. मग प्रत्येक बल्बच्या प्रकाशाचे काय होईल? प्रवाह क ला टाळून तारेतून जातो, म्हणून तो विझतो. वाटेत तीनऐवजी दोनच बल्ब उरतात. बल्बचा रोध तोच राहतो असे धरले, तर प्रवाह दीडपट होतो, आणि शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अ आणि ब यांची प्रत्येकी शक्ती सव्वादोनपट होते. तज्ज्ञाला हा प्रश्न सोपा वाटतो. बॅटरी नेहमी ठरावीक प्रवाहच देते, अशी समजूत असणाऱ्याला मात्र अ आणि ब यांच्यात काही बदलण्याचे कारण दिसत नाही. विद्यार्थ्यांना या सोप्या प्रश्नात अवघड गणितापेक्षा सरासरीने कमी गुण मिळाले. समीकरणे मांडण्याची रीत त्यांना येत होती. प्रवाह म्हणजे काय, हे अनेकांना उमगलेले नव्हते.

चाचणीतील प्रश्नांवर चर्चा करताना मझूर यांनी एक उत्तर आधी एका पद्धतीने, मग दुसऱ्या पद्धतीने समजावले. चेहरे गोंधळलेलेच राहिले. अखेर त्यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांशी बोलायला सांगितले. सभागृह गजबजले आणि थोड्याच वेळात बहुतेकांनी उत्तर शोधून काढले. ज्याला गोष्ट नुकतीच कळलेली असते, त्याला आपण कोठे अडलो होतो हे ताजे आठवते. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला ती अडचण दिसेनाशी झालेली असते.

१९९१ पासून मझूर यांनी तासाची रचनाच बदलली. माहिती देणारा भाग घरी वाचून यायचा. वर्गात छोट्या निरूपणानंतर संकल्पनेवर एक प्रश्न यायचा. प्रत्येकाने मिनिटभर गप्प बसून विचार करायचा आणि आपले उत्तर नोंदवायचे. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तर वेगळे उत्तर असलेला शेजारी गाठून त्याला आपले म्हणणे पटवायचे, मग पुन्हा उत्तर द्यायचे. शेवटी प्राध्यापकांचे स्पष्टीकरण.

यातली पहिली नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. उत्तर आधी नोंदवले नाही, तर विद्यार्थी शेजाऱ्याचे ऐकून मान डोलावतो आणि त्याची जुनी समजूत दडून राहते. नोंदवले की ती उघड होते, तिचे समर्थन करावे लागते, आणि समर्थन करताना ती कोठे तुटते हे त्याचे त्यालाच कळते. सिद्धांतातली पहिली अट येथे पुरी होते. समवयस्काच्या भाषेतून नवी कल्पना कळते आणि पटते. पुढचा प्रश्न वेगळ्या प्रसंगावर बेतलेला असला, की तिचा उपयोगही तपासला जातो.

कॅथरीन क्राउच आणि मझूर यांनी २००१ मध्ये दहा वर्षांचे निकाल प्रसिद्ध केले. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातले शेवटी किती आले, असे हे माप होते. १९९० च्या पारंपरिक वर्गात ते सुमारे एक चतुर्थांश होते, १९९१ मध्ये जवळपास निम्म्यावर गेले आणि पुढच्या वर्षांत आणखी वाढले. हुशार विद्यार्थ्याचे उत्तर बाकीचे उचलतात, ही शंका रास्त होती. कोलोरॅडो विद्यापीठातील जीवशास्त्राच्या एका वर्गात ती तपासण्यात आली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विद्यार्थी त्यातही सुधारले. गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नव्हते, तेथेही सुधारणा दिसली.

तरी ही पद्धत प्रश्नावर फार अवलंबून आहे. फार थोड्यांनाच उत्तर येत असेल, तर चर्चेत चुकीचीच समजूत पक्की होण्याचा धोका असतो. तेव्हा शिक्षकाने मागे जाऊन पुन्हा समजावणे बरे. जवळजवळ सगळ्यांना येत असेल, तर बोलण्यासारखे उरत नाही. चांगल्या प्रश्नाचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींमधून यावे लागतात, आणि त्यासाठी आधी त्यांच्या चुका मनापासून वाचाव्या लागतात. परीक्षाही बदलावी लागते. मझूर यांनी गणितांच्या जोडीला संकल्पनेचे प्रश्न प्रश्नपत्रिकेत घेतले, कारण गुण फक्त आकडेमोडीला असतील, तर वर्गातली चर्चा कितीही रंगली तरी विद्यार्थी अभ्यासाला बसताना पुन्हा सूत्रांच्या यादीकडेच वळतात.