नववा आला की कोण जातं?

जूनमध्ये पुण्याहून भाचा आला आणि त्यानं माझा हेडफोन त्याच्या मोबाइलला जोडला. दोन दिवसांनी मी टीव्हीसमोर बसलो, तर हेडफोन टीव्हीला लागेना. टीव्हीच्या यादीत त्याचं नाव तसंच होतं. त्यावर बटण दाबलं की थोडा वेळ गोल फिरायचं आणि मग जोडणी झाली नाही असा निरोप यायचा. मला आधी टीव्हीच बिघडला असं वाटलं. प्रत्यक्षात हेडफोन टीव्हीला विसरला होता, आणि टीव्हीला त्याचा पत्ता नव्हता.

ब्लूटूथची पहिली जोडणी होते, म्हणजे पेअरिंग होतं, तेव्हा दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. ती १२८ बिटांची, म्हणजे १६ बाइटची असते. तिची एक प्रत मोबाइलकडे राहते आणि दुसरी हेडफोनकडे, समोरच्या उपकरणाच्या ६ बाइटच्या पत्त्यासोबत. पुढच्या वेळी पेअरिंग न करता जोडणी होते ती या किल्लीमुळे. एक बाजू एक आकडा पाठवते, दुसरीनं किल्ली वापरून त्याचं नेमकं उत्तर द्यायचं. किल्लीच नसेल तर उत्तर देता येत नाही, आणि जोडणी तिथेच तुटते.

मोबाइलमध्ये अशा कितीतरी किल्ल्या मावतात. हेडफोनची यादी मात्र आखूड असते. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४मध्ये ८ उपकरणं राहतात, बोसच्या क्वाएटकम्फर्ट ३५मध्येही ८च. (एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेलं राहणं ही वेगळी सोय, तिचा या आठांशी संबंध नाही.) जागेची टंचाई म्हणाल तर आठ पत्ते आणि आठ किल्ल्या मिळून दोनशे बाइटसुद्धा होत नाहीत. पण हेडफोनला पडदा नाही, त्यामुळे नावं दाखवून ‘यातला कोणता?’ असं विचारता येत नाही. चालू झाल्यावर त्यानं ओळखीच्यांना एकेक करून हाक मारायची ठरवली आणि प्रत्येकासाठी पाच सेकंद थांबला, तरी आठांना चाळीस सेकंद लागतील. म्हणून बरेच हेडफोन शेवटच्या एकदोघांनाच हाक मारतात आणि बाकीच्यांनी आपणहून बोलवायची वाट पाहतात.

आता नवव्याचं काय? सोनीच्या माहितीपुस्तिकेत नियम दिलाय: ज्याची जोडणी सर्वांत जुनी, त्याच्या जागी नवा. इथे ‘जुनी’ म्हणजे सर्वांत आधी पेअर केलेलं उपकरण नव्हे. कपाटातल्या शर्टांच्या गठ्ठ्यासारखं समजा. जो घातला, तो धुऊन परत वरती ठेवला जातो. बरेच दिवस न घातलेला आपसूक तळाशी जातो, आणि नवा शर्ट घेतला की तळातलाच बाहेर पडतो.

माझा गठ्ठा वरून खाली असा होता: माझा नवा मोबाइल, ऑफिसचा लॅपटॉप, बायकोचा मोबाइल, घरचा लॅपटॉप, लेकीचा टॅब्लेट, एप्रिलमध्ये विकून टाकलेला माझा जुना मोबाइल, फेब्रुवारीत आलेल्या मेहुण्याचा मोबाइल, आणि तळाशी टीव्ही. टीव्हीवर मी हेडफोन शेवटचा लावला होता डिसेंबरात. ऑफिसचा लॅपटॉप या सगळ्यांच्या आधी पेअर केलेला, पण रोज वापरात असल्यामुळे वरच राहिला. भाच्यासाठी जागा केली ती टीव्हीनं. विकलेला मोबाइल मात्र यादीत आरामात बसून होता. त्याला काढायला हवं हे हेडफोनला कुठून कळणार?

भाच्याचं पेअरिंग करण्याआधी मी टीव्हीला मिनिटभर जोडलं असतं, तर टीव्ही गठ्ठ्याच्या वर गेला असता आणि मेहुण्याच्या मोबाइलवर पाळी आली असती. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये ही यादी दिसते, तिथून नको ते नाव काढताही येतं. ॲप नसेल तर सगळी यादी पुसून आवडीची उपकरणं पुन्हा जोडायची, एवढाच मार्ग. मोबाइलवर ‘Forget’ दाबून हेडफोनमधली जागा रिकामी होत नाही, कारण पुसली जाते ती मोबाइलकडची प्रत. मात्र तोच मोबाइल पुन्हा पेअर केला तर पत्ता तोच असल्यानं तो आपल्या जुन्या जागीच बसतो, दुसरी जागा अडवत नाही.

टीव्हीचा इलाज सोपा निघाला. टीव्हीच्या यादीतून हेडफोनचं नाव काढलं, हेडफोन पेअरिंगला लावला आणि नव्यानं जोडला. ही दहावी जोडणी, म्हणजे आता तळाशी असलेला मेहुण्याचा मोबाइल गेला. गणपतीत मेहुणा आला, हेडफोन कानावर चढवला आणि म्हणाला, “भावजी, हा खराब झालाय.” त्याच्या मोबाइलवर हेडफोनचं नाव तसंच दिसत होतं. नाव काढून पुन्हा पेअर केलं, आणि एप्रिलमध्ये विकलेला मोबाइल एकदाचा यादीतून गेला.